घाटात काटा ५५ वर होता, तरी चलान कसं आलं?

*गाडी माझ्या नावावर आहे. गेल्या महिन्यात भाचा ती घेऊन द्रुतगती मार्गाने पनवेलला गेला होता. त्या दिवसाची दोन चलानं आली, प्रत्येकी दोन हजारांची. एक सपाट रस्त्यावरचं: मर्यादा १००, वेग ११४. दुसरं घाटातलं: मर्यादा ६०, वेग ७३. भाचा शपथेवर सांगतो की घाटात कॅमेऱ्याखाली काटा ५५ वर होता. त्या चलानावर दोन फोटो आहेत, वेळ १६:१२:०८ आणि १६:१८:३८, मधलं अंतर ८ किमी. तिसरं चलान नाशिकचं, विना हेल्मेट, पाचशे रुपये. आमची तर चारचाकी आहे! शिवाय परवा व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची फाइल आली. ती मी अजून उघडलेली नाही. यातलं कुठलं भरायचं आणि कुठे?*

*— एक वाचक, चिंचवड*

ती फाइल उघडलेली नाही हे फार चांगलं केलंत. आता ती फोनमधून काढून टाका आणि पाठवणारा नंबर ब्लॉक करा. घरात आणखी कुणाला तीच फाइल आली आहे का, हेही विचारा. फाइलच्या नावाच्या शेवटी `.apk` असेल तर ते चलान नसून फोनमध्ये बसणारं ॲप असतं. ते बसवलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर दुसऱ्याच्या हातात जातात आणि खातं रिकामं होतं. चलानाची माहिती देण्यासाठी पोलीस किंवा आरटीओ व्हॉट्सॲपवरून ॲप पाठवत नाहीत. घरात कुणी ते चुकून बसवलं असेल तर त्या फोनचं इंटरनेट लगेच बंद करा. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि कार्ड गोठवायला सांगा, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार द्या आणि `cybercrime.gov.in` वर तिची नोंद करा. हे सगळं पहिल्या तासाभरात झालं तर पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता बरीच जास्त असते.

आता घाटातलं चलान. तुमचा भाचा खोटं बोलत नाही आणि कॅमेराही चुकलेला दिसत नाही. दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. भाच्याने पाहिला तो कॅमेऱ्याखालच्या क्षणाचा वेग. चलानावर आहे तो दोन कॅमेऱ्यांमधल्या पूर्ण टप्प्याचा सरासरी वेग. चलानावर एकाच गाडीचे दोन फोटो, दोन वेळा आणि मधलं अंतर असं दिसलं की हा प्रकार ओळखावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून चालू झालेल्या यंत्रणेत असे टप्पे आहेत. रस्त्यावर आडव्या उभारलेल्या लोखंडी कमानीवरचा कॅमेरा गाडीची नंबरपाटी वाचतो आणि वेळ नोंदवतो. पुढच्या कमानीवर तीच पाटी पुन्हा वाचली जाते. मग अंतराला वेळेने भागलं की वेग मिळतो. यात रडारही नसतं आणि लेझरही नसतो, सगळा खेळ घड्याळाचा आहे.

तुमच्या आकड्यांवर हाच हिशेब करून पाहू. ४ वाजून १२ मिनिटं ८ सेकंदांपासून ४ वाजून १८ मिनिटं ३८ सेकंदांपर्यंत साडेसहा मिनिटं होतात, म्हणजे ३९० सेकंद.

```
8 × 3600 ÷ 390 = 73.8
```

चलानावर अपूर्णांक सोडून ७३ धरले आहेत. साठच्या मर्यादेत राहायचं तर हे ८ किलोमीटर पार करायला किमान ८ मिनिटं, म्हणजे ४८० सेकंद लागायला हवे होते. गाडी ९० सेकंद लवकर पोहोचली.

मग काटा ५५ वर कसा? समजा पहिल्या कमानीनंतरचा अर्धा किलोमीटर आणि दुसऱ्या कमानीआधीचा अर्धा किलोमीटर भाच्याने खरोखर ५५ ने काढला. त्या एका किलोमीटरला साधारण ६५ सेकंद लागले. उरलेल्या ३२५ सेकंदांत ७ किलोमीटर झाले, म्हणजे मधल्या भागात गाडी सरासरी ७७.५ ने चालली होती. कमान दिसली की ब्रेक आणि कमान गेली की पाय पुन्हा खाली, ही सवय जुन्या एकट्या कॅमेऱ्यांच्या काळातली आहे. सरासरी मोजणाऱ्या टप्प्यात तिचा काहीही उपयोग नाही. उलट घाटाच्या उतारावर मागच्या ट्रकपुढे अचानक ब्रेक मारला जातो, आणि तो धोका दंडापेक्षा कितीतरी मोठा आहे. काही जण वेळ भरून काढायला कडेच्या पट्टीवर गाडी थांबवतात. भाच्याला तेही करू देऊ नका. घाटात कडेला उभ्या गाडीला मागून धडक बसते तेव्हा आतल्या माणसांना बाहेर पडायलाही वेळ मिळत नाही.

या चलानात चूक शोधायची झाली तर ती दोनच ठिकाणी असू शकते, घड्याळात किंवा अंतरात. दोन्ही कमानींची घड्याळं एका सामायिक वेळेशी जुळवलेली असतात. त्यांच्यात २ सेकंदांचा फरक पडला असं धरलं तरी ३९० चे ३९२ सेकंद होतात आणि वेग ७३.८ वरून ७३.५ वर येतो. वेग साठवर येण्यासाठी घड्याळं चक्क दीड मिनिटाने चुकलेली असायला हवीत. तसं असतं तर त्या दिवशी त्या टप्प्यातून गेलेल्या प्रत्येक गाडीचा वेग फुगलेला दिसला असता. अंतराचंही तसंच आहे. ८ ऐवजी खरं अंतर साडेसहा किलोमीटर असेल तरच ३९० सेकंदांत ६० चा वेग निघतो. अंतर तुम्ही स्वतः पडताळू शकता. चलानावर दोन्ही कमानींच्या जागा दिल्या असतील तर द्रुतगती मार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी त्या ताडून पाहा. शेपन्नास मीटरचा फरक निघाला तरी निकाल बदलत नाही. दीड किलोमीटरची तफावत निघाली तर मात्र तो मुद्दा तक्रारीत नक्की मांडा.

टप्पा लांब असला की ही पद्धत चालकाच्या बाजूनेच काम करते. एखाद्या क्षणी ओव्हरटेक करताना वेग ६५ वर गेला तरी पुढच्या दोन मिनिटांत तो भरून निघतो. क्षणिक वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यात ही सवलत नाही, आणि तुमचं सपाटीवरचं ११४ चं चलान त्या जातीचं आहे.

तिथे बहुतेक वेळा रडार असतं. ते गाडीवर रेडिओलहरी सोडतं आणि परत आलेल्या लहरींची वारंवारता मोजतं. गाडी जवळ येत असेल तर परतलेल्या लहरी थोड्या घट्ट होऊन येतात, आणि किती घट्ट झाल्या यावरून वेग कळतो. नेहमीच्या २४ गिगाहर्ट्झच्या रडारमध्ये ताशी १०० च्या वेगाला सुमारे साडेचार हजार हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक इतका ठळक असतो की मोजणीतच मोठी गफलत होणं कठीण. महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतल्या स्पीडगनमध्ये लेझर असतो. तो एका सेकंदाच्याही छोट्या भागात गाडीचं अंतर पुन्हापुन्हा मोजतो आणि अंतर किती झपाट्याने घटतं आहे त्यावरून वेग काढतो.

रडारचा कमकुवत भाग म्हणजे त्याचा कोन. ते रस्त्याकडेला तिरकं बसवलेलं असेल तर गाडीच्या वेगाचा एक भागच त्याला दिसतो, म्हणून बसवताना ठरवलेल्या कोनाप्रमाणे यंत्र आकडा वाढवून घेतं. समजा ते २० अंशांवर बसवलं आहे असं यंत्राला सांगितलं आहे, पण वाऱ्याने किंवा धक्क्याने ते १५ अंशांवर सरकलं. मग आकडा जवळपास ३ टक्क्यांनी फुगतो, म्हणजे १११ चा वेग ११४ दिसतो. ५ अंशांचा फरक मोठाच म्हणायचा, पण तेवढ्यानेही ११४ चे १०० होत नाहीत. शिवाय गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, तो तसाच बनवलेला असतो. म्हणून खरा वेग ११४ असेल तर भाच्याला काट्यावर बहुधा ११७-१८ दिसले असतील. त्याला शांतपणे विचारून पाहा.

क्षणिक वेगाच्या चलानात बघण्यासारखा खरा मुद्दा फोटोतच असतो. चौकटीत दोन गाड्या शेजारी आहेत का, आणि असतील तर वेग कुणाचा, हे लेनच्या खुणेवरून स्पष्ट होतं का? गाडीचा प्रकार बरोबर लिहिला आहे का? मर्यादा गाडीच्या प्रकारानुसार बदलते, त्यामुळे मोटारीवर चुकून बसची किंवा मालवाहू गाडीची मर्यादा लावली गेली तर नसलेला गुन्हा उभा राहतो. तुमच्याकडे मर्यादा १०० लिहिली आहे आणि मोटारीसाठी ती बरोबर आहे.

चलानात काय काय असायला हवं हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७अ या नियमात लिहिलं आहे. हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. गुन्हा आणि नंबरपाटी दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो हवा. यंत्राने मोजलेला आकडा, तारीख, वेळ, ठिकाण आणि कायद्याचं कुठलं कलम मोडलं तेही हवं. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात चालावा म्हणून त्याचं प्रमाणपत्र हवं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र असावं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हावं. रस्त्यावर आधी पाटी लावून कॅमेऱ्याची सूचना द्यावी. गुन्हा घडल्यापासून १५ दिवसांत सूचना पाठवावी आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावी. यातली एखादी गोष्ट नसेल तर ती नेमकी लिहून तक्रार करता येते. फक्त 'मला मान्य नाही' एवढंच लिहिलेली तक्रार मात्र टिकत नाही.

वेगमर्यादा मोडण्याचं कलम १८३ आहे. मोटारीसारख्या हलक्या वाहनाला कायद्याने १ ते २ हजारांचा दंड सांगितला आहे आणि मध्यम किंवा जड वाहनाला २ ते ४ हजारांचा. तेव्हा तुमची दोन हजारांची रक्कम त्यात बसते. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ही दोन्ही चलानं बरोबर दिसतात. फोटोंत गाडी तुमचीच असेल तर ती भरून टाका.

नाशिकचं चलान मात्र भरू नका. पाचशेच तर आहेत, भरून मोकळं होऊ, असं बरेच जण करतात आणि तिथेच चुकतं. दंड भरणं म्हणजे तडजोड करून गुन्हा मिटवणं. पैसे भरले की ते प्रकरण तुमच्या गाडीच्या नावावर बंद होतं आणि तक्रारीला जागाच उरत नाही.

आधी त्या चलानाचा फोटो उघडून मोठा करून बघा. त्यात तीनपैकी एक गोष्ट दिसेल. पहिली शक्यता म्हणजे स्कूटरची पाटी वेगळीच आहे आणि यंत्राने किंवा माणसाने एक अक्षर चुकीचं वाचलं. इंग्रजी अक्षरांत `8` आणि `B`, `0` आणि `D`, `1` आणि `I` यांची गल्लत नेहमी होते. पाटीवर चिखल असला, स्क्रू नेमका आकड्यावर आला असला किंवा पाटी नक्षीदार अक्षरांत रंगवली असली की ती आणखी वाढते. दुसरी शक्यता अशी की चलान कॅमेऱ्याने न काढता चौकातल्या हवालदाराने हातातल्या यंत्रावर नंबर टाकून काढलं आणि टाकताना बोट चुकलं. या दोन्ही गोष्टी साध्या तक्रारीने सुटतात. तिसरी शक्यता गंभीर आहे. स्कूटरच्या पाटीवर हुबेहूब तुमचाच नंबर असेल तर कुणीतरी तो वापरतो आहे. मग चलान रद्द करून घेण्याबरोबरच तुमच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. त्या स्कूटरने उद्या कुणाला धडक दिली तर पहिला शोध तुमच्या दाराशी येईल, तेव्हा ही पोच हाताशी असायला हवी.

चलानाची तक्रार महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर किंवा त्यांच्या महाट्रॅफिक ॲपमध्ये करता येते. सोबत आरसीची प्रत आणि तुमच्या गाडीचे पुढून आणि मागून काढलेले, पाटी स्पष्ट दिसणारे फोटो जोडा. त्या वेळी गाडी चिंचवडलाच होती हे दाखवणारं काही असेल, उदाहरणार्थ पार्किंगची पावती किंवा फास्टॅगचा उतारा, तर तेही जोडा. मजकूर छोटा ठेवा:

'चलान क्रमांक अमुक, तारीख अमुक. चलानाच्या फोटोत दुचाकी दिसते. माझ्या नावावरील वाहन चारचाकी असून आरसीची प्रत आणि वाहनाचे फोटो जोडले आहेत. फोटोतील पाटीवरील तमुक अक्षर चुकीचे वाचले गेले आहे. चलान माझ्या वाहनावरून काढून टाकावे.'

तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवा. दोन-तीन आठवड्यांनीही चलान प्रलंबितच दिसत असेल तर हीच कागदपत्रं घेऊन वाहतूक शाखेच्या कार्यालयात जा. चलान नाशिकचं असलं तरी आधी पिंपरी-चिंचवडच्या वाहतूक शाखेत विचारा, पुढे कुठे अर्ज पाठवायचा ते तिथे सांगतील.

आता पैसे भरण्याबद्दल. महाराष्ट्राचं अधिकृत संकेतस्थळ `mahatrafficechallan.gov.in` आहे. हा पत्ता स्वतः टाइप करा. शोधात वर येणाऱ्या जाहिरातींवर किंवा एसएमएसमधल्या दुव्यावर जाऊ नका. एसएमएस खरा असला तरी हीच सवय ठेवा, म्हणजे खरा-खोटा ओळखण्याची गरजच पडत नाही. पत्ता तपासताना `https://` सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचा. तो `.gov.in` वरच संपला पाहिजे. `gov` हा शब्द मधेच कुठेतरी आणि शेवटी `.com`, `.xyz` किंवा नुसतं `.in` असेल तर ती जागा सरकारची नाही.

तिथे गाडीचा नंबर मधे जागा न सोडता टाकायचा आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे द्यायचे. ते आरसीवर असतात. इथे 'माहिती सापडली नाही' असं आलं तर बहुतेक वेळा एखादा आकडा चुकलेला असतो, किंवा शून्याच्या जागी `O` अक्षर पडलेलं असतं. बरोबर भरलं की प्रलंबित चलानांची यादी उघडते. प्रत्येकासमोर तारीख, ठिकाण, रक्कम आणि फोटो असतो. पैसे भरायच्या आधी प्रत्येक फोटो उघडा आणि त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मग फक्त घाटाचं आणि सपाटीचं अशी दोनच चलानं निवडा. यादीतली सगळी एकदम निवडली गेली तर नाशिकचंही त्यात जाईल, म्हणून पुढे जाण्याआधी एकूण रक्कम चार हजारच आहे ना ते बघा. यूपीआय, कार्ड किंवा नेटबँकिंग यांपैकी काहीही चालतं. पावती उतरवून घ्या आणि व्यवहार क्रमांक लिहून ठेवा.

यानंतर `echallan.parivahan.gov.in` हे केंद्राचं संकेतस्थळही एकदा बघून घ्या. तिथे चलान क्रमांक, गाडीचा नंबर किंवा लायसन्सचा क्रमांक टाकून शोधता येतं. गाडीच्या नंबरावरून शोधलं तर चेसिस किंवा इंजिनचे शेवटचे पाच आकडे मागतात. इथे पाच आणि राज्याच्या संकेतस्थळावर चार, यातच लोक अडकतात. गाडी गुजरातला किंवा कर्नाटकात जाऊन आली असेल, तर तिकडचं चलान राज्याच्या यादीत न दिसता इथे दिसू शकतं.

खात्यातून पैसे गेले आणि चलान मात्र 'प्रलंबित' राहिलं, हा प्रकारही होतो. बँकेकडून पैसे निघालेले असतात, पण त्याचा निरोप संकेतस्थळापर्यंत पोहोचलेला नसतो. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नका. दोन-तीन कामाचे दिवस थांबा आणि पुन्हा बघा. एक तर चलान भरलेलं दिसेल, नाही तर रक्कम खात्यात परत आलेली असेल. दोन्ही झालं नसेल तर व्यवहार क्रमांकासह बँकेकडे आणि संकेतस्थळाच्या मदतकक्षाकडे तक्रार करा. ऑनलाइन जमत नसेल तर वाहतूक पोलिसांच्या चौकीवर जुनी चलानंही भरता येतात. मात्र त्यांच्या यंत्रातून निघालेली पावती हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

सूचनेवर छापलेली मुदत पाळा. ती उलटून प्रकरण न्यायालयाकडे गेलं की पोलिसांच्या संकेतस्थळावर पैसे भरायची सोय बंद झालेली दिसू शकते. मग `vcourts.gov.in` वर जाऊन यादीतून महाराष्ट्राचा संबंधित विभाग निवडायचा आणि गाडीच्या किंवा चलानाच्या क्रमांकाने शोधायचं. तिथे दोन पर्याय येतात, प्रस्तावित दंड भरणं किंवा प्रकरण लढवणं. दुसरा पर्याय निवडला तर खटला नेहमीच्या न्यायालयात जातो आणि तारखेला हजर राहावं लागतं, म्हणून हातात ठोस पुरावा असेल तरच तो निवडा. लोकअदालतीतही प्रलंबित चलानं मिटवली जातात, पण 'आज निम्म्या रकमेत भरा' असा दुवा देणारा संदेश आला तर तो खोटाच समजा. अशी सवलत खरोखर असेल तर पोलीस ती जाहीर करतात आणि पैसे त्याच अधिकृत संकेतस्थळावर भरले जातात.

गाडी भाचा चालवत होता, तरी कॅमेऱ्याला दिसते ती पाटीच, त्यामुळे चलान मालक म्हणून तुमच्या नावावर येणारच. चालक कोण होता असं पोलिसांनी विचारलं तर त्याचं नाव आणि लायसन्सचा तपशील देणं कलम १३३ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. तुम्ही दंड भरून भाच्याकडून पैसे घेणार असाल तर तो घरातला प्रश्न आहे. पण गाडी वरचेवर त्याच्याकडे जाणार असेल तर दर महिन्याला एकदा यादी बघत जा.

आणि एक काम याच आठवड्यात करा. चलानाचे एसएमएस आरसीला जोडलेल्या मोबाइल क्रमांकावर जातात. तो बरेचदा गाडी घेताना शोरूमने टाकलेला असतो, कधी विक्रेत्याचा, कधी तुमचा बंद पडलेला. `parivahan.gov.in` वर वाहनसेवांमध्ये मोबाइल क्रमांक बदलण्याची सोय आहे. त्यासाठी गाडीचा, चेसिसचा आणि इंजिनचा पूर्ण क्रमांक लागतो, म्हणून आरसी समोर घेऊनच बसा. पुढे कधी गाडी विकलीत तर फॉर्म २९ आणि ३० वर सही करून ते खरेदीदाराच्या हाती सोडू नका. गाडी राज्यातच विकली असेल तर १४ दिवसांच्या आत आरटीओला कळवा आणि आरसीवर नाव बदललेलं स्वतः ऑनलाइन बघा. तोपर्यंत त्या गाडीचं प्रत्येक चलान तुमच्याच फोनवर येत राहील.